मशीनवरचा ९ आणि ६६ वर्षांचं फुफ्फुस

*माझं वय ४४, उंची साडेपाच फूट. वीस वर्षं रोज दहा-बारा सिगारेटी ओढल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला तंबाखूमुक्ती केंद्रात गेलो. संध्याकाळची वेळ होती. मशीनमध्ये फुंकलो तर २२ आकडा आला आणि दुसऱ्या मशीनवर फुफ्फुसाचं वय ६३ निघालं. घाबरलो आणि त्याच आठवड्यात सिगारेट बंद केली. निकोटिनचं च्युइंगम चालू आहे. पंधरा दिवसांनी आकडा २ आला, घरी पेढे आणले. जानेवारीच्या मध्यावर सकाळी आंघोळ करून साडेनऊला केंद्रात पोहोचलो तर ९! समुपदेशक म्हणाले, "खरं सांगा." बायको दोन दिवस बोलली नाही. तिला वाटतं मी चोरून ओढतोय, नाहीतर च्युइंगममुळे आकडा वाढलाय. त्याच दिवशी फुफ्फुसाचं वय परत काढलं तर ६६. सिगारेट न ओढता सहा आठवड्यांत तीन वर्षं म्हातारा झालो का? रिपोर्टवर एफईव्ही-१ आधी २.८० लिटर होता, आता २.७० आहे. एफव्हीसी ३.४५. मशीन खोटं की मी?*
*— एक वाचक, नाशिक*

आधी एक प्रश्न, कारण त्यात घरातल्या सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. तुमच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे का?

जानेवारीतली नाशिकची सकाळ, थंडीमुळे घट्ट लावलेली खिडकी, आंघोळ करून तसेच केंद्रात आलेले तुम्ही. हे वाचल्यावर माझं लक्ष सिगारेटकडे नव्हे, गिझरकडे गेलं. केंद्रातलं ते मशीन सिगारेट मोजत नाही. ते श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतं, दहा लाख भागांत किती भाग, म्हणजे पीपीएममध्ये. हा वायू काहीही अर्धवट जळलं की तयार होतो, मग ती सिगारेट असो, विडी असो, चूल असो, शेगडी असो किंवा छोट्या बंद खोलीत पेटलेला गॅस. तो कुठून आला हे मशीनला कळत नाही. समुपदेशकांनाही नुसत्या आकड्यावरून कळायचं कारण नाही.

तेव्हा गिझर असेल तर आजपासून बंद ठेवा. काही दिवस पाणी स्वयंपाकघरात खिडकी उघडी ठेवून तापवा किंवा विजेच्या हीटरवर. माणूस बोलावून गिझरच्या बर्नरची ज्योत, धूर बाहेर नेणारा पाइप आणि बाथरूममधली हवा खेळती राहण्याची सोय तपासून घ्या. गिझर बाथरूमच्या बाहेरच बसवला तर उत्तम. या वायूला वास नसतो, रंग नसतो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू ठेवून आंघोळ करताना लोक बेशुद्ध पडतात, दगावतात, आणि अशा बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात. आंघोळीनंतर घरात कुणाचं डोकं दुखतं का, गरगरतं का, हेही विचारून बघा. शंकेची खात्री करायला म्हणून मुद्दाम बंद बाथरूममध्ये आंघोळ मात्र करू नका.

गिझर बंद ठेवून तीन-चार दिवसांनी पुन्हा सकाळी त्याच वेळेला फुंका आणि वहिनींनाही बरोबर न्या. त्या सिगारेट ओढत नाहीत. त्यांचा आकडा १-२ आला आणि तुमचाही तेवढाच, तर त्या ९ चा उलगडा बहुतेक झाला. गिझर बंद असूनही दोघांचा आकडा चढा आला तर घरात दुसरं काहीतरी जळतंय, ते शोधायला हवं. आणि त्यांचा १, तुमचा पुन्हा ९, असं झालं तर मग तुमच्याशी बसून शांतपणे बोलायची वेळ आली. तोपर्यंत "खरं सांगा" म्हणायची घाई कुणीच करू नये.

आता आकड्याचं गणित थोडं सांगतो, कारण ते कळलं की घरातला अर्धा वाद मिटेल. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट किंवा त्याहूनही जास्त घट्ट चिकटतो. तुमच्या २२ पीपीएमचा अर्थ त्या संध्याकाळी तुमचं साधारण साडेतीन टक्के हिमोग्लोबिन या वायूनं अडवून ठेवलं होतं. सिगारेट थांबवली की तो सुटू लागतो. जागेपणी, हिंडता-फिरता चार-पाच तासांत निम्मा होतो, झोपेत श्वास मंद असल्यामुळे जरा जास्त वेळ लागतो. चोवीस तासांत, फार तर दोन दिवसांत, आकडा न ओढणाऱ्या माणसाच्या पातळीला येतो.

याचा एक परिणाम वहिनींनी लक्षात घ्यावा. समजा, एखाद्यानं रात्री दहापर्यंत सिगारेटी ओढल्या आणि तेव्हा आकडा २२ होता. सकाळी दहापर्यंत बारा तास गेले. पाच तासांनी ११, दहा तासांनी साडेपाच, बारा तासांनी चारच्या जवळपास. झोपेमुळे एखादा अंक जास्त धरा. म्हणजे नियमित ओढणारा माणूससुद्धा सकाळच्या वेळी ५ दाखवून हसत बाहेर पडू शकतो. रविवारी मित्राकडे ओढलेली एक सिगारेट मंगळवारी या मशीनला दिसणारच नाही. या मशीनची नजर एका दिवसापलीकडे जात नाही. घरात पहारेकरी म्हणून ते निरुपयोगी आहे आणि त्यावरून बायकोनं अबोला धरणं तर फारच झालं.

तुमच्या ९ चंही असंच गणित मांडता येतं. आठच्या सुमारास आंघोळ केली असं धरलं तर फुंकेपर्यंत दीड तास गेला होता. तेवढ्या वेळात आकडा साधारण पाचव्या हिश्शानं उतरतो, म्हणजे आंघोळीनंतर लगेच तो ११ च्या आसपास असावा. त्याच संध्याकाळी सहाला फुंकला असतात तर ३ च्या जवळ आला असता. त्या दिवशी केंद्रात कुणी "संध्याकाळी परत या" एवढं म्हणालं असतं, तर बरंच काही वाचलं असतं.

आणखी गंमत म्हणजे ९ हा आकडा नापास आहे की पास, हे केंद्रावर अवलंबून आहे. ब्रिटनमधल्या सरकारी धूम्रपानमुक्ती सेवांमध्ये १० च्या खाली असलं की माणसानं सोडली असं धरण्याचा प्रघात आहे. तिथं तुमच्या ९ ला शाबासकी मिळाली असती. अलीकडे संशोधक ही रेषा ५-६ वर आणावी असं म्हणतात, कारण १० ठेवली तर कमी ओढणारे निसटतात. गरोदर बायकांसाठी ब्रिटनमध्ये ती ४ वर आहे. रेषा जितकी खाली, तितके न ओढणारे लोकही तिच्यात अडकतात, विशेषतः ज्यांच्या घरी चूल किंवा खराब गिझर आहे. म्हणून मी माझ्या केंद्रात रेषेपेक्षा त्याच माणसाचा आधीचा आकडा बघतो आणि दिवसाची वेळ शेजारी लिहितो. वेळ न लिहिलेला आकडा मला तरी वाचता येत नाही.

च्युइंगमवर घेतलेला संशय मात्र पूर्ण चुकीचा आहे. गममध्ये निकोटिन असतं, पण काही जळत नाही, म्हणून त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होत नाही. दिवसाला कितीही गम खाल्ले तरी या मशीनवर आकडा हलणार नाही. केंद्रातल्यांनी ठरवून दिलेले गम आकड्याच्या भीतीनं कमी करू नका. सिगारेट सुटल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत गम अर्धवट सोडणं हे पुन्हा पेटवण्याचं नेहमीचं कारण आहे. लाळेतलं किंवा लघवीतलं कोटिनिन तपासलं तर मात्र गम खाणाऱ्याचं कोटिनिन येणारच, कारण ते निकोटिनपासूनच तयार होतं. तिथं गम आणि सिगारेट यांतला फरक कळत नाही. याच न्यायानं तंबाखू मळून खाणारा, मशेरी लावणारा किंवा गुटखा खाणारा या मशीनवर चोख २ दाखवतो. आपल्याकडे ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त आहेत. तेव्हा केंद्रातल्या भिंतीवर "शून्य ते पाच म्हणजे तंबाखूमुक्त" असं लिहिलेलं असेल, तर ते अर्धंच खरं आहे.

फुंकण्याची रीतही एकदा पडताळून बघा. खोल श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद रोखायचा आणि मग सावकाश, शेवटपर्यंत सोडायचा. श्वास रोखतात तो फुफ्फुसातली हवा आणि रक्त यांच्यात वायूची पातळी सारखी व्हावी म्हणून. पाचच सेकंद रोखला तर आकडा कमी येतो. उलट, हातावर नुकतंच चोळलेलं सॅनिटायझर किंवा तोंडातली दारूची वाफ काही मशीनना चकवते. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्या आतड्यात हायड्रोजन तयार होतो, तो श्वासात उतरतो, आणि काही सेन्सर त्याला कार्बन मोनॉक्साइड समजून बसतात. तुम्हाला दुधानं पोट फुगण्याचा त्रास असेल तर हेही समुपदेशकांच्या कानावर घाला. तुमच्याबाबतीत मी पैज गिझरवरच लावेन.

आता त्या ६६ वर्षांच्या फुफ्फुसाकडे वळू. इथं तुम्हाला घाबरवण्यात आलं आहे आणि तेही जरा स्वस्तात.

फुफ्फुसाचं वय असं शरीरात काही मोजता येत नाही. मोजतात ती एकच गोष्ट, पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडल्यावर पहिल्या सेकंदात किती लिटर हवा बाहेर पडते, तो तुमचा एफईव्ही-१. १९८५ साली मॉरिस आणि टेम्पल या अमेरिकी संशोधकांनी त्या लिटरांना वर्षांत बदलणारं सूत्र काढलं. हेतू उघड होता: "तुमचा एफईव्ही-१ अमुक लिटर आहे" यानं माणूस हलत नाही, "तुमचं फुफ्फुस ६३ वर्षांचं आहे" यानं हलतो. पुरुषांसाठीचं सूत्र असं आहे: उंची इंचांत घेऊन २.८७ नं गुणायची, त्यातून एफईव्ही-१ चा ३१.२५ पट वजा करायचा, आणि वर ३९.३७५ वजा करायचे.

तुमच्या आकड्यांवर चालवून बघू. ६६ इंच गुणिले २.८७ म्हणजे १८९.४२. २.८० लिटर गुणिले ३१.२५ म्हणजे ८७.५. वजाबाकी करून त्यातून ३९.३७५ काढले की उरतात ६२.५, म्हणजे ६३. आता २.८० च्या जागी २.७० घाला. येतात ६५.७, म्हणजे ६६. तुमचं म्हातारपण इतकंच आहे. एक दशांश लिटर, अर्ध्या वाटीएवढी हवा, आणि तीन वर्षं.

ही अर्धी वाटी कुठे गेली असेल? कदाचित कुठेच नाही. फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायच्या या चाचणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, किमान तीन चांगल्या फुंका लागतात, आणि त्यांतल्या सगळ्यात चांगल्या दोन फुंकांमधला फरक ०.१५ लिटरपर्यंत असला तरी चाचणी बरोबर मानतात. म्हणजे एकाच बैठकीत, एकाच माणसाच्या दोन फुंकांमध्ये या सूत्रानुसार साडेचार वर्षांचा फरक पडू शकतो आणि तो चूक धरला जात नाही. त्यात थंडीतला घसा, रिकामं किंवा तुडुंब भरलेलं पोट, "जोरात, अजून, अजून" म्हणणारा तंत्रज्ञ आहे की नाही, आणि समुपदेशकांनी आधीच खोटारडेपणाची शंका घेतल्यावर फुंकण्यातला उत्साह! उंची जोडे घालून मोजली आणि एक इंच जास्त लिहिली तरी जवळजवळ तीन वर्षं वाढतात. सहा आठवड्यांच्या अंतरानं फुफ्फुसाचं वय परत काढणं मला पटत नाही. तेवढ्या काळात खरा बदल झाला तरी तो या गोंधळात बुडून जातो.

खरा बदल किती असतो, तेही बघा. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या लंग हेल्थ स्टडीमध्ये सौम्य सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अडत जाण्याचा आजार, असलेल्या ओढणाऱ्यांना वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. ज्यांनी सोडली आणि सोडलेली टिकवली, त्यांचा एफईव्ही-१ पहिल्या वर्षात सरासरी ४७ मिलिलिटरनं वाढला. तुमच्या सूत्रात हे दीड वर्ष होतं. चाचणीतला साधा चढउतार त्याच्या तिप्पट आहे. पण पुढे दिसतं ते महत्त्वाचं: अकरा वर्षांच्या काळात सोडलेल्या पुरुषांचा एफईव्ही-१ वर्षाला ३० मिलिलिटरच्या आसपास घटत होता, तर ओढत राहिलेल्यांचा ६६. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, पण घसरणीचा वेग निम्म्याहून खाली येतो. हा फायदा दीड महिन्यात दिसत नाही, पाच-दहा वर्षांत दिसतो.

मग ६३ हा आकडा तरी कशाशी तुलना करून आला? सूत्राच्या मुळाशी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या न ओढणाऱ्या प्रौढांची मापं आहेत. त्या सूत्रानुसार ६६ इंच उंचीच्या ४४ वर्षांच्या पुरुषाचा एफईव्ही-१ जवळपास ३.४० लिटर असायला हवा. तुमचा २.८० म्हणजे त्याच्या ८२ टक्के. सर्वसाधारणपणे ८० टक्क्यांच्या वर असलं की "ठीक" म्हणतात, आणि त्याच माणसाचं फुफ्फुस सूत्र मात्र १९ वर्षांनी म्हातारं ठरवतं! त्यातही त्याच उंचीच्या निरोगी भारतीयांचा एफईव्ही-१ सरासरीनं गोऱ्या अमेरिकनांपेक्षा कमीच भरतो. भारतीय मापांवरून बेतलेली समीकरणं वापरली तर तुमची टक्केवारी ८२ च्या वर जाईल आणि त्या १९ वर्षांतली बरीच वर्षं विरघळतील. सिगारेट कधीच न ओढलेल्या माझ्या कित्येक रुग्णांना हे सूत्र लावलं तर त्यांचीही फुफ्फुसं आजोबांची निघतात.

रिपोर्टवर वयापेक्षा मी आधी एफईव्ही-१ भागिले एफव्हीसी बघतो. एफव्हीसी म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोरात, शेवटपर्यंत सोडल्यावर बाहेर पडलेली एकूण हवा. तुमचा २.७० भागिले ३.४५ म्हणजे ०.७८. श्वासनलिका रुंद करणारं औषध देऊन केलेल्या चाचणीत हा भागाकार ०.७० च्या खाली असेल तर सीओपीडीचा विचार करायचा. तुमचा त्याच्या बराच वर आहे. म्हणजे वीस वर्षं ओढूनही नळ्या अडल्याची खूण अजून या चाचणीत दिसत नाही. याचा अर्थ "काही बिघडलं नाही" असा घेऊ नका. स्पायरोमेट्रीत कर्करोग दिसत नाही, हृदय दिसत नाही, आणि सुरुवातीचा एम्फिझीमा, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटत जाणं, तोही निसटू शकतो. खोकला टिकून असेल, जिना चढताना धाप लागत असेल तर छातीच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा.

तुम्ही विचाराल, इतकं कच्चं सूत्र आहे तर केंद्रात वापरतातच कशाला? कारण एका चांगल्या चाचणीत त्याचा उपयोग झाला होता. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशरमधल्या पाच दवाखान्यांत ३५ वर्षांवरच्या ५६१ ओढणाऱ्यांची स्पायरोमेट्री केली. निम्म्यांना निकाल फुफ्फुसाच्या वयात समजावला, निम्म्यांना नुसता लिटरचा आकडा कळवला. सोडण्याचा सल्ला आणि मदत सगळ्यांनाच देऊ केली. वर्षभरानं लाळ तपासून पाहिलं तर पहिल्या गटात १३.६ टक्क्यांनी सोडली होती, दुसऱ्यात ६.४ टक्क्यांनी. २००८ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभर केंद्रांनी फुफ्फुसाचं वय उचलून धरलं. त्या निबंधातला एक तपशील मात्र फारसा कुणी सांगत नाही: ज्यांचं वय भीतीदायक निघालं ते ज्यांचं ठीक निघालं त्यांच्यापेक्षा जास्त प्रमाणात सोडणारे नव्हते. आकडा वाईट आल्यानं लोक सोडत होते असं नाही. माझं मत असं की कुणीतरी बसून त्यांच्याच शरीराबद्दल त्यांना समजेल असं सांगितलं, ते उपयोगी पडलं.

पुढे अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून २०१९ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला. त्यात नुसता कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दाखवल्यानं सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. स्पायरोमेट्री दाखवल्याचा फायदाही ठामपणे सिद्ध झाला नाही. तरी मी मशीन फेकून दिलेलं नाही, पण त्यानं माणूस घाबरवत नाही. कार्बन मोनॉक्साइडचं मशीन मला एकाच ठिकाणी फार आवडतं: सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी एकदा आणि सोडल्यावर दोन दिवसांनी एकदा. बावीसचे दोन होताना माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. तुमचे पेढे त्याच क्षणाचे होते आणि ते रास्त होते.

तर आता करायचं काय? गिझर आधी, हे पुन्हा सांगतो. सकाळची ती फुंक झाल्यावर पुढच्या दोन भेटींना केंद्रात संध्याकाळची वेळ मागा, पहिल्या भेटीसारखीच, म्हणजे तुलना होईल. नोंदवहीत आकड्याशेजारी वेळ आणि "शेवटचं काय जळलं" असा रकाना करायला सांगा, त्यात चूल, गिझर, अगरबत्ती, शेजारच्याची सिगारेट, सगळं येऊ द्या. समुपदेशकांना हा कागद दाखवायला हरकत नाही. चांगला समुपदेशक राग मानणार नाही. मधल्या काळात तलफ अनावर झाली आणि केंद्र बंद असलं तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन करा, तो मोफत आहे.

वहिनींना मात्र मशीनसमोर दोनदा तरी स्वतः फुंकू द्या. पंधरा सेकंद श्वास रोखून.

फुफ्फुसाचं वय पुन्हा काढू नका. पुढच्या डिसेंबरात, त्याच केंद्रात, शक्यतो त्याच मशीनवर स्पायरोमेट्री करा, उंची अनवाणी मोजून घ्या, आणि निकाल लिटरमध्ये मागा: एफईव्ही-१, एफव्हीसी आणि त्यांचा भागाकार. तो कागद या सदराकडे पाठवलात तर मी वाचेन. आकडा २.६५ पासून २.८५ पर्यंत कुठेही आला तरी मला आश्चर्य वाटणार नाही, त्यामुळे तुम्हीही पेढे त्यावर अवलंबून ठेवू नका.